लाइट गेली की घड्याळ २०११ वर: डेस्कटॉपचा सीमॉस सेल बदलण्याची कृती

मामांचा वाईहून फोन आला तेव्हा त्यांची तक्रार बँकेबद्दल होती. "अरे, चार दिवस झाले, बँकेची साइटच उघडत नाही. बँकेत फोन केला तर म्हणतात, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे." मी म्हटलं, मामा, पडद्यावर नेमकं काय येतं ते वाचून दाखवा. त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचलं: `Your clock is behind`. मग खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. १ जानेवारी २०११.

तारीख चौदा वर्षं मागे गेली होती. बँकेच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच चालतं. संगणक २०११ मध्ये बसलेला असेल तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. तारीख हाताने दुरुस्त केली की साइट उघडायची, आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी पुन्हा २०११. तुमच्याकडेही असंच होत असेल तर बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल संपलेला असतो. बदलायला अर्धा तास पुरतो. मात्र या कामात सेलपेक्षा सेटिंग जास्त दगा देतात, तेव्हा आधी थोडं वाचून मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. हा लेख डेस्कटॉपपुरता आहे; लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा वायरीला जोडलेला असतो आणि तिथे पोहोचण्याची वाट वेगळी असते.

हा सेल करतो काय

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ सतत चालू असतं. संगणक बंद असला तरी चालू असतं. मनगटी क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक त्याला ठोके देतो. याच घड्याळाच्या शेजारी थोडीशी स्मृती असते, तिला सीमॉस म्हणतात. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, असल्या बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग जुन्या मदरबोर्डवर तिथेच राहतात. नव्या बोर्डांवर बऱ्याच सेटिंग वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये जातात. तिथे सेल संपला की तारीख जाते, पण बाकीचं बरंचसं टिकतं.

आता मुख्य गोष्ट. भिंतीवरचं बटण चालू असेल तर संगणक बंद करूनही एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा देत राहतो, आणि घड्याळ त्यावर चालतं. सेलवर भार येतो तो भिंतीवरचं बटण बंद केलं किंवा लाइट गेली तरच. आपल्याकडे झोपण्याआधी सगळी बटणं बंद करायची सवय असते. ती वाईट नाही, पण रोजचे बारा-चौदा तास त्या सेलच्या खात्यावर पडतात. अंदाज घ्यायचा तर या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते आणि घड्याळ सुमारे ५ मायक्रोअँपिअर खातं असं धरलं, तर ४४,००० तास होतात, म्हणजे सलग पाच वर्षं. मामांचा संगणक बारा वर्षांचा, आणि सेल मूळचाच. त्याने नोकरी इमानाने केली होती.

सेल एकदम मरत नाही. मामांनाही आठवलं, की आधी काही आठवडे घड्याळ नुसतं मागे पडत होतं. रात्री दहाला बंद केलं आणि सकाळी सातला लावलं तर ते पहाटेचे दोन दाखवायचं. सेलचा दाब उतरला की आधी घड्याळ अडखळतं, स्मृती तग धरून असते. अजून उतरला की तारीख थेट कारखान्यातल्या तारखेवर जाते, आणि शेवटी स्मृतीही पुसली जाऊन बायोस कारखान्यातल्या सेटिंगवर परत येतो. घड्याळ मागे पडतंय एवढ्यावर सेल बदलला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

रामायण

ते असं झालं. जुलैच्या शेवटी पाऊस जोरात होता, तारेवर झाड पडलं आणि दोन दिवस लाइट नव्हती. लाइट आल्यावर मामांनी संगणक लावला तर काळ्या पडद्यावर `CMOS checksum error` आणि खाली `Press F1 to continue`. त्यांनी एफ-१ दाबलं. विंडोजची खूण आली, गोल गोल फिरली, आणि निळा पडदा: `INACCESSIBLE_BOOT_DEVICE`. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने तो पाहून सांगितलं, हार्ड डिस्क गेली, नवी टाकावी लागेल, आतला डेटा निघेल की नाही सांगता येत नाही. मामींचे सगळे फोटो त्या डिस्कवर.

डिस्कला काहीही झालं नव्हतं. त्या मदरबोर्डवर डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती होत्या, IDE आणि AHCI. विंडोज टाकलं तेव्हा कोणीतरी AHCI निवडलेलं होतं. सेल मेल्यावर बायोस मूळ पदावर आला, म्हणजे IDE वर, आणि विंडोजला आपलीच डिस्क ओळखू येईना. फोनवरूनच मामांना बायोसमध्ये नेऊन `SATA Mode` पुन्हा `AHCI` करायला लावलं, एफ-१० दाबायला सांगितलं, आणि विंडोज मुकाट्याने उघडलं. फोटो जागेवर. त्या रात्री मामांनी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि सकाळी पुन्हा निळा पडदा. मग मीच गेलो.

म्हणून घड्याळ मागे गेल्यावर विंडोज उघडत नसेल तर डिस्क गेली असं कोणी म्हटलं तरी आधी बायोसमध्ये ही एक ओळ बघा. आणि सेल आणेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका. पडद्यावरून शटडाउन करा, पण बटण चालू ठेवा. लाइट गेली नाही तर तेवढ्यावर दोन-चार दिवस सुखाने निघतात.

दोष सेलचाच आहे ना?

सेल आणायच्या आधी खात्री करा. घड्याळ चुकण्याची सेलशी संबंध नसलेलीही कारणं असतात.

पहिलं, चूक बरोबर साडेपाच तासांची आहे का ते बघा. तारीख ठीक, मिनिटं ठीक, फक्त साडेपाच तासांचा फरक, असं असेल तर सेलला हात लावू नका. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि भारताचा फरक नेमका साडेपाच तास. लिनक्समध्ये एकदा ही आज्ञा दिली की भांडण मिटतं:

```
timedatectl set-local-rtc 1
```

दुसरं, संगणक चालू असतानाच घड्याळ मागेपुढे होत असेल, तर तोही सेलचा दोष नाही. चालू असताना सेलवर भारच नसतो.

तिसरी आणि खरी परीक्षा बायोसमध्ये. इथे नवशिके फसतात, कारण इंटरनेट असेल तर विंडोज कधी कधी वेळ परस्पर दुरुस्त करतं आणि सेल मेलेला आहे हे कळतच नाही. तेव्हा तारीख बरोबर लावून घ्या, संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण तासभर बंद ठेवा. मग चालू करताना लगेच `Del` किंवा `F2` टकटक दाबत राहा, म्हणजे विंडोजच्या आधी बायोस उघडेल. तिथे घड्याळ एक तास मागे असेल किंवा थेट जुन्या सालात गेलं असेल, तर सेलच.

घरात मल्टीमीटर असेल तर आणखी पक्कं करता येतं, पण ते झाकण उघडल्यावर. त्याकडे येतोच.

सेल आणताना

मदरबोर्डवर बहुतेक ठिकाणी CR2032 असतो. त्या नावातच त्याचं माप आहे: २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. घड्याळवाल्याकडे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, अगदी मेडिकलमध्येही मिळतो, कारण गाडीच्या किल्लीत आणि वजनकाट्यातही हाच लागतो.

दुकानदार कधी कधी "तो नाही, पण हा चालतो की" म्हणत CR2025 पुढे करतो. तो रुंदीला तेवढाच आणि दाबालाही तेवढाच, पण २.५ मिलिमीटर जाड. खाचेत बसतो, पण सैल, आणि आज चालेल उद्या चालणार नाही असा छळ करतो. घेऊ नका. LIR2032 नावाचा अगदी तसाच दिसणारा एक सेल मिळतो, तो पुन्हा चार्ज करायचा असतो आणि भरल्यावर त्याचा दाब ४ व्होल्टच्या वर जातो. मदरबोर्डवर त्याचं काम नाही.

बरणीत सुटे ठेवलेले सेल एकमेकांना घासून आतल्या आत उतरलेले असतात. पाकीटबंद घ्या, मागची तारीख बघा, आणि दुकानात मीटर असेल तर मोजून मागा. नवा सेल ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. माझ्या सेलने वाईच्या घड्याळवाल्याच्या मीटरवर ३.२४ दाखवले.

उघडण्याआधी फोटो

बायोसमध्ये जा आणि मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा. सगळं समजलं पाहिजे असं नाही, फक्त फोटो हवेत. पण तीन ओळी डोळ्यांनी वाचून ठेवा: `SATA Mode` समोर काय आहे, `Boot` मध्ये पहिल्या क्रमांकावर कोणती डिस्क आहे, आणि बूटची पद्धत `UEFI` आहे की `Legacy`. संगणक विंडोजपर्यंत नीट पोहोचतोय अशा अवस्थेत हे फोटो काढायचे. नाहीतर तुम्ही चुकीच्या सेटिंगचाच जपून फोटो ठेवाल. मामांकडे मी आधी AHCI करून, विंडोज एकदा उघडून बघून, मग परत बायोसमध्ये जाऊन फोटो काढले.

विंडोज नवीन असेल तर डिस्क कुलूपबंद आहे का तेही बघून घ्या. स्टार्टवर उजवी टिचकी मारून प्रशासकाची टर्मिनल खिडकी उघडा आणि हे लिहा:

```
manage-bde -status C:
```

`Protection On` असं आलं तर बायोसच्या सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या, मगच पुढे जा. ती मिळत नसेल तर आज सेल बदलू नका, आधी ती शोधा.

झाकण काढणं

शटडाउन करा. भिंतीवरचं बटण बंद करा, एसएमपीएसच्या मागे छोटं बटण असेल तर तेही `O` कडे करा, आणि वायर मागून ओढून काढा. आता पुढचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा. वेड्यासारखं वाटेल, पण आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज अशी निघून जाते. कधी कधी पंखा अर्धा वेढा फिरून थांबलेलाही दिसतो. मदरबोर्डवर एखादा छोटा दिवा असतो, तो विझलेला असला पाहिजे.

कॅबिनेट टेबलावर आडवं झोपवा. उभ्या कॅबिनेटमध्ये अंधारात बोटं घालून सेल काढायच्या नादात तो खाली पडून एसएमपीएसच्या मागे जाऊन बसतो. अनुभव आहे. समोरून पाहिलं तर डावीकडचं झाकण काढायचं असतं. मागच्या बाजूला दोन स्क्रू असतात, ते सोडवून झाकण मागे सरकवलं की निघतं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज मदरबोर्डवर उतरणार नाही. गालिच्यावर बसून किंवा लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नये.

मामांच्या कॅबिनेटमध्ये बारा वर्षांची धूळ होती. ती फुंकू नका, डोळ्यांत जाते आणि थुंकीही उडते. रंगवायचा मऊ ब्रश चालतो. पंखा ब्रशने भर्रकन फिरू देऊ नका, बोटाने धरून ठेवा.

सेल चकचकीत असतो, लगेच सापडतो. बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या खाचांच्या आसपास, बोर्डाच्या खालच्या अर्ध्या भागात असतो. दिसत नसेल तर ग्राफिक्स कार्डाखाली लपलेला असेल. तेव्हा कार्डाचा मागचा स्क्रू काढायचा, खाचेच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी दाबायची आणि कार्ड सरळ वर उचलायचं. खिट्टी न दाबता ओढलं तर खाच तुटते.

इथे मल्टीमीटर. चकती डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक सेलच्या वरच्या चकचकीत पृष्ठभागावर, काळं टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूवर. सेल जागेवरच असताना मोजा, कारण तेव्हा त्याच्यावर घड्याळाचा भार असतो आणि खरं रूप दिसतं. नुसता काढून मोजला तर मरायला टेकलेला सेलही कधी कधी अवसान आणून चांगला आकडा दाखवतो. २.८ च्या वर असेल तर सेल नव्हे, दुसरं काही शोधा. अडीचच्या खाली असेल तर बदला. मामांच्या सेलने १.९ दाखवले.

काढणं आणि बसवणं

आधी एक फोटो काढा, सेल कोणत्या बाजूने वर आहे त्याचा. आडव्या सेलमध्ये जवळपास नेहमी `+` आणि अक्षरं वर असतात.

सेलचं घर म्हणजे काळ्या प्लास्टिकची गोल वाटी. तिच्या एका कडेला धातूची छोटी पत्री सेलला अडवून धरते. ही पत्री बोटाने किंवा प्लास्टिकच्या काडीने बाहेरच्या बाजूला, सेलपासून लांब, हलकेच सरकवायची. एक-दोन मिलिमीटर पुरतात. तेवढ्यात सेलची ती कड टुणकन वर येते, आणि मग नखांनी धरून तिरका बाहेर काढायचा. समोरच्या कडेला सेलवर झुकलेल्या एक-दोन पट्ट्या असतात, त्यांना वर उचलायचं नाही. नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक हीच: स्क्रू ड्रायव्हर घालून ती पट्टी उचकटली जाते, ती वाकली की नवा सेलही नीट टेकत नाही. स्क्रू ड्रायव्हर घसरला तर खाली बोर्डावर ओरखडा, ते वेगळंच. मी जुनं आइस्क्रीमचं चपटं लाकडी पातं वापरतो.

सेल निघाला की वाटीच्या तळाशी एक स्प्रिंगसारखा धातूचा ठिपका दिसतो. तो हिरवा किंवा पांढरट झाला असेल तर कोरड्या कापडाने पुसा. नवा सेल कडेने धरा, चपट्या बाजूंना बोटं लावू नका, लागलीच तर कोरड्या सुती कापडाने पुसा. बोटाचं तेल संपर्क बिघडवतं. आता उलट क्रम: आधी एक कड समोरच्या पट्ट्यांखाली तिरकी सारा, मग दुसरी कड बोटाने खाली दाबा. टक् असा आवाज येतो आणि पत्री आपली आपण सेलवर येऊन बसते. बोटाने हलवून बघा, सेल डुगडुगता कामा नये.

जुना सेल तिथेच टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर हे फार गांभीर्याने घ्या. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो, आणि हे मेलेल्या वाटणाऱ्या सेलनेही होतं. गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा आणि एक्स-रे काढायला सांगा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नको.

तारीख लावताना मे की ऑगस्ट

झाकण लावण्याआधी वायर जोडून एकदा चालू करून बघा. सेल काढल्यामुळे सीमॉस पुसलं गेलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा `CMOS checksum error` यायचंच. घाबरू नका, हा नव्या सेलचा दोष नाही. बायोसमध्ये जा.

तारीख लावताना मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. मी `08/05/2025` लिहिलं तशी ते म्हणाले, "अरे, मे महिना लावलास की!" बायोसमध्ये बहुधा महिना आधी, दिवस नंतर असतो. त्यांना पटेना, म्हणून उलटं लिहून दाखवलं. बायोस वार स्वतःच काढतो. `05/08/2025` लिहिल्यावर शेजारी `Thu` आला. त्या दिवशी मंगळवार होता. परत सरळ केलं तर `Tue`. तारीख टाकल्यावर वार भिंतीवरच्या कालनिर्णयाशी जुळवून बघा, यापेक्षा सोपी तपासणी नाही. वेळ २४ तासांची लिहायची, दुपारचे साडेतीन म्हणजे `15:30`.

मग फोटो समोर ठेवून त्या तीन ओळी जशा होत्या तशा करा. `SATA Mode`, बूटचा क्रम, `UEFI` की `Legacy`. रॅमचा वेग वाढवणारं `XMP` तुम्ही लावलेलं असेल तर तेही. `F10` दाबून जतन करा आणि विंडोज उघडू द्या.

इथे आणखी एक गंमत. पुष्कळजण बायोसमध्ये तारीख लावायचा कंटाळा करतात आणि म्हणतात, विंडोज इंटरनेटवरून घेईल की. चूक फार मोठी असेल तर ते घेत नाही. घरगुती विंडोजमध्ये मूळ मर्यादा १५ तासांची आहे. फरक त्याहून जास्त असेल तर ते इंटरनेटच्या वेळेवर विश्वास न ठेवता स्वतःच्या घड्याळालाच धरून बसतं. मामांचं घड्याळ चौदा वर्षं मागे होतं आणि इंटरनेट असूनही सुधारत नव्हतं, त्याचं कारण हेच. म्हणून आधी बायोसमध्ये हाताने जवळपासची वेळ, मग विंडोजकडून सेकंद. प्रशासकाच्या खिडकीत:

```
net start w32time
w32tm /resync
```

सेवा आधीच चालू असेल तर पहिली ओळ तसं सांगते, ते सोडून द्या. दुसऱ्या ओळीनंतर `The command completed successfully.` आलं की झालं. वेळेचा पट्टा `UTC+05:30` आहे ना तेही सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

एक रात्र

खरी परीक्षा रात्रीची. मामांनी सवयीप्रमाणे दहाला भिंतीवरचं बटण बंद केलं. सकाळी सातला मी विंडोज उघडू दिलं नाही, आधी `Del` दाबून बायोसमध्ये गेलो. घड्याळ मोबाइलशी मिनिटाला मिनिट जुळत होतं आणि `SATA Mode` समोर `AHCI`. इथे काही सेकंदांचा फरक असला तरी हरकत नाही.

नवा सेल घालूनही वेळ जात असेल तर क्रमाने तीन गोष्टी बघा. सेल उलटा बसला आहे का. पत्री सेलला घट्ट टेकते आहे का. वाकली असेल तर वायर काढलेली असताना अगदी हलकेच आत दाबायची. आणि सेलच्या जवळ `CLRTC` किंवा `CLR_CMOS` लिहिलेल्या तीन पिना असतील, त्यांवरचं छोटं टोपण पुसायच्या जागेवर तर नाही ना. कोणीतरी पूर्वी सेटिंग पुसायला ते हलवलेलं असतं आणि परत जागेवर लावायचं विसरतं. ते बहुतेक बोर्डांवर १ आणि २ या पिनांवर असतं, पण नक्की जागा बोर्डाच्या पुस्तिकेतच बघा.

हे सगळं ठीक आणि तरी महिनाभरात तेच सुरू झालं, तर सेल परत मोजा. नवा सेल ३.२ वरून आठ-पंधरा दिवसांत अडीचवर आला असेल तर बोर्डावर कुठेतरी वीज गळते आहे. तिसरा, चौथा सेल घालत बसू नका. ते काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं.

झाकण लावायच्या आधी मामांनी एक कागदाचा कपटा आणि चिकटपट्टी मागितली. त्यांच्या दुकानातल्या वजनकाट्याच्या झाकणाला आतून असाच कपटा असतो. निळ्या पेनने लिहिलं, "५-८-२५. सेल नवा. SATA = AHCI. डिस्क चांगली आहे," आणि शेवटच्या वाक्याखाली दोनदा रेघ मारून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून टाकला.